तुम्ही विचारलंत म्हणून : एका शेपटीसाठी

"त्याच त्या प्राण्याला वीस-वीसदा मारून तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?"

येतो की, खोटं कशाला बोलू. पण ज्या दिवशी येतो, त्या दिवशी बहुधा मी काय आणायचंय हे न ठरवताच शिकारीला निघालेलो असतो.

हा प्रश्न मला 'मॉन्स्टर हंटर'वरून विचारला जातो. कॅपकॉमची ही व्हिडिओ गेमची मालिका 2004 पासूनची. माझे सर्वांत जास्त तास गेलेत ते 2018 च्या 'वर्ल्ड'मध्ये, म्हणून बोलतो त्याबद्दलच. बऱ्याच गेममध्ये शत्रू मारले की अनुभवाचे पॉइंट जमतात, लेव्हल चढते आणि आपला गडी आपोआप दणकट होतो. इथे तसं होत नाही. हंटर रँक वाढतो, त्याने नवी कामं खुली होतात, पण अंगात बळ येत नाही. सगळी ताकद चिलखतात आणि शस्त्रात, आणि ती दोन्ही लोहाराकडून घडवून घ्यायची ती मारलेल्या प्राण्यांच्या खवल्यांतून, नखांतून, हाडांतून. त्यामुळे प्रत्येक शिकार ही खरं तर सामान आणायची फेरी असते.

अंजनाथचंच घ्या. नाव ऐकून कुणाला नवनाथांपैकी वाटेल, पण हा आहे टी-रेक्ससारखा, आग ओकणारा भला थोरला प्राणी. सुरुवातीचा खेळ सोपा म्हणून निर्धास्त झालेले सगळे याच्यापाशी अडतात. मीही अडलो. तीनदा आडवं झालं की काम रद्द होतं, आणि मी तीनदा आडवा होत होतो, तेही पुन्हा पुन्हा. हात चालत नाहीत असं वाटून रागाने सराव केला. नंतर कळलं की तो पाण्याला फार कच्चा आहे आणि माझ्याकडे पाण्याचं एकही शस्त्र नाही.

मग मोर्चा वळवला वाळवंटाकडच्या दलदलीत, जिराटोडसकडे. हा चिखल अंगाला फासून फिरणारा मासा. चिखल आहे तोवर याला पाण्याचा मार जास्त बसतो, चिखल गळला की विजेचा. दोन्ही नव्हतं, तेव्हा साध्या धारेवरच पाच-सहा वेळा मारला. त्याचे खवले, पर, दात आणि पोटातली पाण्याची पिशवी जमवली आणि लोहाराला दिली. पाण्याच्या जोडतलवारी घेऊन परत अंजनाथपुढे उभा राहिलो. प्राणी तोच होता, मीही तोच होतो, पण त्या दिवशी तो पडला.

आता अंजनाथच्या सामानातून आगीची शस्त्रं होतात. आगीला पाओलुमू कच्चा. पुढे लेजियानाच्या सामानातून बर्फाची शस्त्रं मिळतात, ती ओडोगारॉनला लागतात आणि डियाब्लोसलाही. एकाचं कातडं दुसऱ्याच्या शिकारीची तयारी असते.

पण ही यादी सगळ्यांची सारखी नसते. ती ठरते शस्त्राच्या जातीवर, आणि मला या खेळातली सर्वांत हुशारीची गोष्ट हीच वाटते. शस्त्रांच्या जाती 14. आग, पाणी, वीज अशा तत्त्वाचं नुकसान साधारणपणे प्रत्येक वारामागे मोजलं जातं, मग तो वार केवढाही असो. जोडतलवारीने तुम्ही एका झपाट्यात डझनभर वार करता, त्यामुळे तत्त्व डझनभर वेळा लागतं. ग्रेट सोर्डवाला तेवढ्या वेळात दम धरून एकच घणाघात घालतो, त्याला तत्त्व लागतं एकदाच. म्हणून त्याचं एका दांडग्या साध्या तलवारीवर बरंच भागतं, आणि माझ्यासारख्याला पाच तत्त्वांच्या पाच जोड्या लागतात. म्हणजे पाच वेगवेगळ्या प्राण्यांच्या मागे फिरणं आलंच.

नवे लोक इथे एका आकड्याला फसतात. दुकानात ग्रेट सोर्डवर 480 लिहिलेलं असतं आणि जोडतलवारीवर 140. दुसरं शस्त्र खेळणंच वाटतं. पण दाखवायचा आकडा प्रत्येक जातीसाठी वेगळ्या पटीने फुगवलेला आहे: ग्रेट सोर्डचा 4.8 पट, जोडतलवारीचा 1.4 पट. भागून पाहा, दोन्हींचा मूळ आकडा 100 च. दोन जातींची पाटी पाहून तुलना करायचीच नाही, एकाच जातीतली दोन शस्त्रं तेवढी ताडायची.

आता शेपटीकडे येतो. अंजनाथची शेपूट तोडता येते, पण फक्त कापणाऱ्या शस्त्राने. माझा एक मित्र हॅमरवाला. तो डोक्यावर घण घालून प्राण्याला चक्कर आणतो, ते मला कधी जमणार नाही, पण शेपटीवर तो दिवसभर बडवत बसला तरी ती तुटायची नाही. शेवटच्या घावाआधी मी ती तोडायची, असा आमचा करार. घाई केली तर प्राणी आधी मरतो आणि शेपूट त्याच्या अंगावरच राहते. दुसरी फजिती माझी स्वतःची: शेपूट तोडली, प्राणी पळाला, आम्ही मागे धावलो, त्याला सापळ्यात टाकून दोन गुंगीचे गोळे फोडले, काम फत्ते. शेपूट मात्र दोन विभाग मागे पडून राहिली. ती कापून घ्यायचीच राहिली होती.

जिवंत पकडल्याने वेळ वाचतो. नकाशावर प्राण्याच्या खुणेशेजारी कवटी दिसली की तो पकडण्याजोगा झाला. मात्र मग मेलेल्या अंगावरून कापून घ्यायचं काही उरत नाही, बक्षिसाची यादी वेगळी लागते. म्हणून निघण्याआधीच ठरवावं लागतं, मारायचा की धरायचा.

हे सगळं कशासाठी? बहुतेकदा एका दुर्मीळ तुकड्यासाठी. वरच्या रँकमध्ये अंजनाथचा जेम लागतो, आणि असल्या तुकड्यांची शक्यता एकेका संधीला जेमतेम काही टक्के. समजा 3 टक्के धरली. 30 संधी घेतल्यावर मिळालेला असणारच, असं मन सांगतं. गणित सांगतं की तेव्हाही शंभरातले 40 जण रिकाम्या हाताने बसलेले असतात, 50 संधींनंतरही 22. जपानी खेळाडूंनी याला नावच ठेवलंय, हाव ओळखणारा सेन्सर. म्हणजे ज्याला हवंय त्याला द्यायचं नाही, आणि शेजारच्याला नको असताना दोन द्यायचे. गेममध्ये असलं काही नाही, हे मला माहीत आहे. तरी मी त्याला शिव्या घालतो.

खेळ करणाऱ्यांनाही हे दुखणं ठाऊक असावं, कारण उतारे ठेवलेत. पावलांचे ठसे आणि ओरखडे गोळा केले की इन्व्हेस्टिगेशन नावाची कामं मिळतात, त्यांत बक्षिसाच्या सोनेरी पेट्या जास्त असलेलं काम निवडलं की दुर्मीळ वस्तूची शक्यता वाढते. बदल्यात वेळ कमी मिळतो, किंवा एकदा आडवं झालं तरी काम रद्द होतं. मी ही कामं साठवून ठेवतो आणि हात चांगला चालतोय त्या रात्री काढतो.

जेम मला सतराव्या शिकारीत मिळाला, शेपटीतूनच. हॅमरवाल्या मित्राला तो तिसऱ्याच वेळी मिळाला होता. त्याच्या यादीत तो नव्हताच.