'अहो' म्हणजे कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून: "अज्जींना विसरायचा आजार आहे. मग मास्तरांबरोबर दार लावून कसं बसू देता त्यांना?"

बेळगावजवळच्या एका वृद्धाश्रमात मी नर्स आहे. अज्जी 74 वर्षांच्या, मास्तर 78, खानापूरकडचे. दोघांचेही जोडीदार गेलेले. दुपारी मास्तरांचं दार लागायला लागलं, तसा अज्जींच्या मुलाचा फोन आला, "आईला काही कळत नाही, हे बंद करा."

कळतं की नाही, हे आजाराच्या नावावरून ठरत नाही. सकाळी काय खाल्लं ते विसरणाऱ्या बाईलाही कोण जवळ हवं नि कोण नको, हे पक्कं ठाऊक असू शकतं. मला धास्ती वेगळीच होती. अज्जी मास्तरांना 'अहो' म्हणायच्या. नवऱ्यालाही आपण तेच म्हणतो, परक्या माणसालाही. त्या मास्तरांना नवरा समजत असतील, तर ती संमती नव्हे.

संध्याकाळी त्यांचा गोंधळ वाढतो, म्हणून सकाळी वेणी घालताना, दोघीच असताना विचारलं.
"दुपारी कोण असतात हो तुमच्याजवळ?"
"मास्तर. आमचे कधीच गेले की."
"जवळ घेतात ते आवडतं?"
मान खाली घालून हसल्या.
"आणि नको वाटलं तर?"
"नको म्हणते. उठून येते."

तीन दिवसांनी पुन्हा विचारलं, उत्तर तेच. नको म्हणणं त्यांना जमतं, हे आम्ही रोज बघत होतोच. गोळी घ्यायची नसली की कन्नड आयम्मालाही त्या ठणकावून "बेडा" म्हणतात. मास्तरांनाही बजावलं, त्यांनी नको म्हटलं की तिथेच थांबायचं.

मग दाराच्या काचेला पडदा लावला. कडी अशी बसवली की कुणी पडलं तर बाहेरूनही उघडता यावी. तीन ते साडेचार झाडलोट नाही. टकटक करायची आणि "या" ऐकू येईपर्यंत थांबायचं. हेच सगळ्यात अवघड गेलं, कारण टकटक करता करताच आत शिरायची आम्हाला सवय. आयम्मांची कुजबुज नि हसणं मात्र मी पहिल्याच दिवशी बंद केलं.

मुलाला अज्जींच्या परवानगीनेच सांगितलं, आणि तेही एवढंच, की त्या खुशीत आहेत, त्यांच्यावर कुणाची जबरदस्ती नाही. तो पैसे भरतो, फॉर्मवर त्याची सही आहे. पण त्या सहीने आईच्या शरीराचा निर्णय त्याच्याकडे जात नाही. तो चिडला. पुढच्या खेपेला आईसाठी कुंदा घेऊन आला, मास्तरांच्या खोलीकडे मात्र बघितलं नाही.

आमची नजर दारावर नसे, अज्जींवर असे. तिथून आल्यावर जेवतात का, झोप लागते का, अंघोळीला कुणी हात लावला तर दचकतात का, लघवीला जळजळ होते का. यंदा श्रावणात एकदा त्या आल्या नि रात्री जेवल्याच नाहीत. सकाळी विचारलं तर म्हणाल्या, "ते कोण, मला ठाऊक नाही." दुसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवसापासून दार बंद होत नाही.

मास्तरांना मीच सांगितलं. रडले. आता दोघं व्हरांड्यात बसतात. अज्जी कधी हात धरतात, कधी काढून घेतात. काढला की मास्तर आपला हात स्वतःच्या मांडीवर ठेवतात.