५७२ की ७७०? चार वर्षांच्या मुलीच्या फीडचा हिशोब

परळला आमच्या बालरोग वॉर्डात चार वर्षांची एक मुलगी दुसऱ्या रुग्णालयातून आली. न्यूमोनिया झालेला, वजन १४ किलो, उंची ९८ सेंमी, नाकातून रायल्स ट्यूब. सोबतच्या कागदावर विश्रांतीतली ऊर्जेची गरज ५७२ किलोकॅलरी लिहिलेली होती. मिलीलिटरला एक किलोकॅलरी देणारं फीड, दिवसातून सहा वेळा, दर वेळी ९५ मिली. आईने विचारलं, "ताई, एवढंसंच पुरतं का हिला?"

तिची शंका रास्त होती. मी आकडा उलट मांडून पाहिला:

`10 × 14 + 6.25 × 98 − 5 × 4 − 161 = 571.5`

हे मिफ्लिन-सेंट जिओर समीकरण. शेवटचे वजा १६१ दिसले की लगेच ओळखू येतं. ते १९ ते ७८ वर्षांच्या माणसांच्या मोजमापांवरून १९९० साली बसवलेलं आहे. तीन ते दहा वर्षांच्या मुलींसाठी शोफिल्डचं समीकरण वेगळं आहे:

`20.315 × 14 + 485.9 = 770`

म्हणजे रोज जवळपास २०० किलोकॅलरी कमी पडत होत्या, गरजेच्या पावभर.

एवढा फरक पडतो तो मुख्यतः मेंदूमुळे. मेंदूला दिवसाला किलोमागे सुमारे २४० किलोकॅलरी लागतात, स्नायूंना विश्रांतीत जेमतेम १३. चार वर्षांच्या मुलाचा मेंदू सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे जवळपास मोठ्या माणसाएवढाच, आणि तो १४ किलोच्या देहात. त्या ७७० पैकी ३०० तरी एकटा मेंदू खातो. प्रौढांच्या समीकरणाला हे प्रमाण ठाऊकच नसतं.

चूक नेहमी कमीच्याच बाजूने होते असंही नाही. आठ महिन्यांची, ७ किलोची, ६७ सेंमीची मुलगी घ्या. हॅरिस-बेनेडिक्टच्या स्त्रियांच्या समीकरणात नुसता स्थिरांकच ६५५ आहे. उत्तर येतं ८४३. शोफिल्डच्या तीन वर्षांखालच्या मुलींच्या समीकरणाने तेच ३७७. दुपटीहून जास्त! आजारी बाळाला एवढं फीड देणं मला धोक्याचं वाटतं.

आमच्या मुलीचं फीड आम्ही दर वेळी १२८ मिलीपर्यंत नेलं, पण एका दमात नाही. पोट फुगतंय का, उलटी होतेय का ते बघत टप्प्याटप्प्याने वाढवलं. गंभीर आजारात त्या ७७० ला आजाराचा वेगळा गुणक लावत नाहीत. मूल उठून खेळायला लागलं की हालचालीची आणि वाढीची ऊर्जा त्यात मिळवायची, तोवर नाही. समीकरण काही झालं तरी अंदाजच. इनडायरेक्ट कॅलरीमेट्री, म्हणजे श्वासातल्या वायूंवरून खर्च होणारी ऊर्जा मोजणं, करता येत असेल तर मोजलेला आकडा धरावा. नसेल तर वजनाचा आलेख बघत फीड बदलत राहावं. लठ्ठ किशोरांत नुसत्या वजनावरचं शोफिल्ड जास्तीचा आकडा देऊ शकतं, कारण चरबी विश्रांतीत फारच थोडी ऊर्जा वापरते.