साठ तासांची उजळणी

“मी नोकरी करते. बी.एड. सीईटीला सहा आठवडे उरलेत, पुस्तक एकदा वाचून झालंय. आता उजळणीचं वेळापत्रक कसं लावू?”

आधी हातात खरोखर किती तास आहेत ते मोजावे. विषयांची वाटणी त्यानंतर. मी एका पतसंस्थेत कारकून असताना ही परीक्षा दोनदा दिली. पहिल्या खेपेचे माझे वेळापत्रक रोज चार तासांचे होते, रंगीत पेनांनी आखलेले होते आणि तिसऱ्या दिवशी मोडले. परीक्षा मार्च-एप्रिलच्या सुमारास येते आणि पतसंस्थेत तोच वर्षअखेरीचा काळ असतो. संध्याकाळी सातला ताळेबंदाचा मेळ बसला नाही की नऊ वाजतात, हे मला ठाऊक असूनही मी संध्याकाळीच अभ्यास मांडला होता.

दुसऱ्या खेपेस मी संध्याकाळ मुळीच धरली नाही. सोमवार ते शनिवार सकाळी एक तास, रविवारी चार तास आणि कामाच्या पाच दिवशी जेवणाच्या सुटीतली वीस मिनिटे, असे आठवड्याचे जवळपास पावणेबारा तास निघाले आणि सहा आठवड्यांचे सुमारे सत्तर. त्यांतले दहा तास मी आरंभीच सोडून दिले, कारण सहा आठवड्यांत एखादे लग्न, एखादा ताप आणि एखादी सक्तीची जादा पाळी येणारच. उरलेल्या साठ तासांपैकी सव्वीस मानसिक क्षमतेला, चौदा सराव परीक्षांना, बारा सामान्य ज्ञानाला आणि आठ शिक्षक अभियोग्यतेला दिले.

ही वाटणी प्रश्नपत्रिकेच्या रचनेवरून ठरते. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटे. त्यांत मानसिक क्षमतेचे चाळीस, सामान्य ज्ञानाचे तीस आणि अभियोग्यतेचे तीस. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. एका प्रश्नाला सरासरी चोपन्न सेकंद मिळतात, पण सगळ्या प्रश्नांना तेवढाच वेळ लागत नाही. सामान्य ज्ञानाचे उत्तर एक तर येते किंवा येत नाही, म्हणून तो भाग पंधरा मिनिटांत संपवता येतो. अभियोग्यतेला बावीस मिनिटे पुरतात. मानसिक क्षमतेसाठी मग अठ्ठेचाळीस मिनिटे उरतात आणि शेवटची पाच मिनिटे राहिलेल्या प्रश्नांना काही ना काही पर्याय देण्यासाठी. पहिल्या खेपेस मी प्रश्न ओळीने सोडवत गेले आणि वेळ संपला तेव्हा सोपे प्रश्न मागे राहिले होते. (इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात प्रवेश हवा असणाऱ्यांना इंग्रजीची स्वतंत्र चाचणी असते, तिचा वेळ या साठ तासांत धरलेला नाही.)

सहा आठवड्यांची सुरुवात रविवारी, पूर्ण सराव परीक्षेने करावी, तयारी नसली तरी. माझ्या पहिल्या सराव परीक्षेत मानसिक क्षमतेचे चाळीसपैकी सतरा बरोबर आले. उरलेल्या तेवीस प्रश्नांच्या शेजारी मी तीन अक्षरांपैकी एक लिहिले: वेळ संपल्याने न सुटलेल्याला ‘वे’, येत असून घाईत चुकलेल्याला ‘घा’, मुळातच न येणाऱ्याला ‘न’. वेळेअभावी नऊ गेले होते, घाईत आठ आणि माहीत नसलेले फक्त सहा. म्हणजे पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचून जास्तीत जास्त सहाच गुण वाढले असते. उजळणीत बहुतेकांचा वेळ नेमका तिथेच जातो.

घाईतली चूक कशी दिसते ते एका प्रश्नावरून सांगते. “फोटोकडे बोट दाखवून सुनीता म्हणाली, हा माझ्या आईच्या एकुलत्या एका मुलीचा मुलगा आहे. तो सुनीताचा कोण?” मी ‘भाचा’ निवडले होते. आईची मुलगी म्हणताच माझ्या डोळ्यांसमोर बहीण उभी राहिली आणि ‘एकुलत्या एका’ हे शब्द वाचूनही निसटले. एकुलती एक मुलगी म्हणजे सुनीता स्वतः, त्यामुळे तो तिचा मुलगा. वहीत मी या चुकीपुढे ‘नातेसंबंध कच्चे’ असे लिहिले असते तर नातेसंबंधांचे पन्नास प्रश्न सोडवत बसले असते. मी लिहिले, ‘एकुलता, थोरला, सख्खा हे शब्द दिसले की आधी स्वतःला चित्रात ठेवणे.’ प्रत्येक चुकलेला प्रश्न तीन दिवसांनी आणि मग दहा दिवसांनी उत्तर न बघता पुन्हा सोडवायचा आणि दुसऱ्यांदाही चुकला तर त्याच्याभोवती चौकट करायची, एवढाच त्या वहीचा नियम होता.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात सकाळचा तास एका वेळी एकाच प्रकाराला द्यावा आणि एका प्रकाराला सलग दोन सकाळी. मी सांकेतिक भाषा, दिशा, बैठकव्यवस्था आणि आकृत्या असे ‘न’ लागलेले प्रकार आधी घेतले. पाचव्या आठवड्यापासून मात्र एकेका प्रकाराचा सराव थांबवून वीस-वीस मिश्र प्रश्न चोवीस मिनिटांत सोडवायचे. दिशांचेच तीस प्रश्न ओळीने सोडवताना प्रकार ओळखावा लागत नाही, परीक्षेत मात्र निम्मा वेळ त्यातच जातो. पुढच्या सराव परीक्षा तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या आठवड्याच्या आरंभी घ्याव्यात. प्रत्येकीला दीड तास सोडवायला आणि दोन तास तपासायला. त्यांतल्या दोन तरी संगणकाच्या पडद्यावर सोडवाव्यात. आकृती पडद्यावर पाहून कच्च्या कागदावर उतरवण्यात जाणारा वेळ छापील पुस्तकावर कळत नाही.

सामान्य ज्ञान जेवणाच्या सुटीत बसते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. कोठारी आयोग 1964 ते 1966. 2020 च्या धोरणातली 5+3+3+4 ही रचना, अशा नोंदी चिठ्ठीवर घेऊन डब्याबरोबर वाचता येतात. चालू घडामोडींसाठी मी मागचे काही महिनेच घेतले आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

अभियोग्यतेला आठच तास पुरतात, पण खाजगी शिकवणीत किंवा शाळेत आधीपासून शिकवणाऱ्यांनी तिथे सावध राहावे. वर्गात सतत उशिरा येणाऱ्या मुलाबाबत काय कराल, या प्रश्नाला ‘पालकांना बोलावू’ हे उत्तर ते अनुभवावरून देतात, कारण त्यांच्या शाळेत तसेच होते. परीक्षेला बहुधा पहिली पायरी हवी असते: मुलाशी एकट्याने बोलून कारण समजून घेणे. पालक, मुख्याध्यापक हे पर्याय चूक नसतात, ते नंतरचे असतात. मारणे, वर्गाबाहेर काढणे किंवा चारचौघांत लाजवणे असा पर्याय दिसला की तो आधी खोडावा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे.

सहाव्या आठवड्यात नवे काहीही उघडू नये. प्रवेशपत्रावर दुपारचे सत्र असेल तर त्या रविवारची सराव परीक्षा दुपारीच, जेवण झाल्यावर द्यावी. माझे सत्र दुपारचे होते आणि सगळा अभ्यास पहाटेचा. जेवणानंतर आकृत्यांचे प्रश्न किती जड जातात ते मला त्या रविवारी कळले. म्हणून परीक्षेच्या दिवशी मी डब्यात पोळी-भाजीऐवजी दोन केळी नेली. आदल्या दिवशी वहीतले चौकटीतले प्रश्न तेवढे पाहिले. ते अकरा होते.