धुकं वाईत, ऊन पाचगणीत

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून पहाटे साडेचारला निघालो. बेत साधा होता, धुक्यातली पाचगणी बघायची. खंबाटकी घाट उतरेपर्यंत आकाश चांदण्यांनी भरलेलं. सुरूर फाट्याला वाईकडे वळलो आणि पाच मिनिटांत समोरची गाडी दिसेनाशी झाली, मग तिचे मागचे दिवेही गेले. वाईत मेहुण्याकडे पोहोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते आणि गाडीचा तापमापक १२ अंश दाखवत होता.

मी म्हटलं, "इथे एवढं, तर वर पाचगणीला काय असेल!"

मेहुणा हसला. "दाजी, वर काय नसतंय. चहा घ्या आणि चला, दाखवतो."

पसरणी घाट चढायला लागलो. पहिल्या काही वळणांवर रस्त्याकडेची पांढरी पट्टी तेवढी दिसत होती. मग एका वळणावर वरचा पांढरेपणा उजळला, पुढच्या वळणावर निळं आकाश आलं आणि आम्ही धुक्याच्या बाहेर पडलो. तापमापक बघितला तर १७! साधारणपणे हवा दर किलोमीटर उंचीला सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. वाईहून पाचगणी जवळजवळ ६०० मीटर वर, म्हणजे हिशोबाने आठ अंश असायला हवे होते. इथे चढताना थंडी कमी होत गेली. या उलट्या प्रकाराला तापमान व्युत्क्रमण म्हणतात. थंड हवा खाली, तिच्यावर उबदार हवेचं झाकण.

सिडनी पॉइंटवर उभं राहिलं की हे डोळ्यांनी कळतं. एरवी इथून धोम धरणाचं पाणी आणि वाई दिसते. त्या सकाळी कृष्णेचं अख्खं खोरं दुधाने भरल्यासारखं होतं. डोंगरांच्या सोंडा त्यात बेटांसारख्या बुडालेल्या आणि धुक्याचा काठ सगळीकडे जवळपास एकाच उंचीवर, तलावाला असावा तसा. खाली कुठल्याशा गुऱ्हाळाचा धूर सरळ वर आला, धुक्याच्या थोडा वर पोहोचला आणि तिथे अडून पाटासारखा आडवा पसरला. झाकण कुठे आहे ते त्या धुराने दाखवून दिलं.

हे सगळं रात्री घडतं. सूर्य मावळला की जमीन दिवसभराची ऊब आकाशाकडे सोडत राहते. ढग असले तर ते गोधडीचं काम करतात, बरीचशी ऊब परत खाली पाठवतात. आकाश निरभ्र असेल तर ती निघून जाते. जमीन गार, तिला टेकलेली हवा गार, आणि गार हवा जड. डोंगरउतारावरची अशी हवा पाण्यासारखी ओघळत ओढ्या-नाल्यांतून खाली उतरते आणि खोऱ्याच्या तळाला साचते. तिथे धरणाचं पाणी आहे, कालवे आहेत, भिजवलेला ऊस आणि हळद आहे. म्हणजे गारवा वरून आला आणि दमटपणा जागेवरच होता.

दोन्ही जमल्यावर धुकं कधी पडेल, याचा अंदाज आदल्या संध्याकाळी करता येतो. समजा वाईत सहा वाजता तापमान २४ अंश आणि आर्द्रता ५५ टक्के आहे. या हवेचा दवबिंदू येतो साधारण १४ अंश, म्हणजे हवा तिथवर गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागणार. आधी गवतावर दव पडतं, त्यात थोडं बाष्प खर्च होतं, म्हणून धुक्यासाठी पारा आणखी अंश-दोन अंश उतरावा लागतो. पहाटे १२ होणार असेल तर धुकं जवळपास ठरलेलं. मोबाइलवरच्या हवामान अ‍ॅपमध्ये ड्यू पॉइंट दिसतो. तो आणि पहाटेचं अपेक्षित किमान तापमान, एवढे दोनच आकडे बघा. किमान तापमान ड्यू पॉइंटच्या खाली जात असेल, आकाश मोकळं असेल आणि वारा पडलेला असेल तर निघा. वारा जोराचा असेल तर वरची कोरडी, उबदार हवा खाली मिसळते आणि बेत फसतो. अवकाळी पाऊस पडून गेल्यावरची पहिली निरभ्र रात्र सर्वांत खात्रीची.

पावसाळ्यातल्या महाबळेश्वरचं धुकं मात्र याच्याशी नात्याचं नाही. तो कोकणातून वाऱ्यासोबत कड्यावर चढलेला ढगच असतो. त्याला वारा लागतो, याला वारा चालत नाही.

पाचगणीला पोहोचायचं ते सूर्योदयाआधी, जानेवारीत तो सातच्या पुढे-मागे होतो. ऊन आल्यावर धुकं लगेच विरेल असं वाटतं, पण आमच्या समोर ते आधी अर्धा तास फुगलं. पहिल्या उन्हाने हवा जराशी ढवळली जाते, दवाची वाफ होते आणि धुक्यात भर पडते. नंतर कडा विरायला लागल्या. साडेआठला उतार तापले आणि त्यातलं थोडं धुकं वर सरकून पॉइंटवर आलं. दहा-पंधरा मिनिटं आम्हीही पांढऱ्यात. त्याच वेळी आलेले पर्यटक "पाचगणीत काय धुकं होतं!" म्हणत घरी गेले असणार. साडेनवाला धोमचं पाणी लखलखीत दिसत होतं.

तिथून महाबळेश्वर. दुसऱ्या दिवशी पहाटे बाजारात १२ अंश होते आणि जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर, खाली वेण्णा तलावाशी ४. तेच कारण, लहान वाडग्यात. तलावाच्या काठी उघड्यावर लावलेल्या गाडीच्या टपावर दव गोठून पांढरी साखर भुरभुरल्यासारखं झालं होतं. बोटींच्या फळ्यांवरही तसंच. हवा ४ अंश असताना बर्फ कसा? कारण पत्रा आणि फळी आकाशाकडे ऊब सोडून हवेपेक्षाही गार होतात. शेजारी झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीवर नुसतं ओलं दव होतं, झाडाने तिचं आकाश झाकलेलं. हिमकण बघायचे तर उजाडताच जा, ऊन लागल्यावर काही मिनिटांत ते जातात.

आता रस्त्याचं. माझी एक चूक झाली ती सांगतो. वाईच्या अलीकडे मी घाबरून अप्पर लावला. समोर पांढरी भिंत उभी राहिली, कारण उजेड थेंबांवरून परत डोळ्यांत येतो. डिपरवर आलो तेवढ्यात दहा-बारा हातांवर उसाने भरलेली ट्रॉली दिसली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. वेग तीसच्या आत होता म्हणून थांबलो. गळीत हंगामात या पट्ट्यात जोडट्रॉल्या रात्रभर चालतात, त्यामुळे डिपर, फॉग लॅम्प आणि डावीकडची पांढरी पट्टी यांवरच भिस्त ठेवा. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. काच आतून धुरकटली तर एसी लावून हवा काचेवर सोडा. बाहेरून धुरकटली तर वायपर मारा आणि एसीचा गारवा कमी करा.

जमलं तर रात्री वाईतच मुक्काम करा आणि पहाटे फक्त घाट चढा. त्यात धुक्याचा रस्ता काही वळणांपुरताच उरतो, आणि पुढच्या खेपेला आम्ही तेच करणार आहोत. मेहुण्याने बजावलंय, "दाजी, स्वेटर वाईसाठी आणा, पाचगणीसाठी नको."