एकाच घरातली दोन मुलं

समावेशित शिक्षणाची विशेष शिक्षक म्हणून गडचिरोली जिल्ह्यातल्या धानपट्ट्यातल्या शाळा मी फिरते. जानेवारीत एका शाळेत चौथीतली एक मुलगी दाखवायला मला बोलावलं होतं. 'अध्ययन अक्षम' म्हणून तिची नोंद करायची होती.

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, हे खानदानीच आहे. हिचा मोठा भाऊ आपल्याच शाळेत होता, तोही सातवीत गळला." वर्गशिक्षिकेला ते पटलं नाही. "सर, घरी अभ्यासाचं वातावरणच नाही. मायबाप दिवसभर धानाच्या बांधीत." दोघंही तळमळीने बोलत होते. पण एकाचं खरं मानलं तर रक्तात आहे म्हणून काही करता येत नाही, आणि दुसरीचं मानलं तर घर आपल्या हातात नाही म्हणून काही करता येत नाही. मुलगी दोन्हीकडून शाळेच्या हाताबाहेर जात होती.

मी आधी हजेरीपट मागितला. गैरहजेरी वर्षभर सारखी पसरलेली नव्हती. रोवणीच्या दिवसांत, पावसात भिजण्याच्या काळात, ती दाटली होती आणि पुन्हा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत. मुलगी भिंतीला टेकून नडगी दाबत बसली होती. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर. बाई म्हणाल्या, "तासाला दोनदा लघवीला जाते, अभ्यास टाळायला. म्हणून पाणी कमी पी म्हणून सांगतलं."

ते ऐकून मी तडक तिच्या घरी गेले. आईने बराच वेळ काही सांगितलं नाही. मग पेटीतून जुना रिपोर्ट काढला. "शाळेत नाही सांगतलं जी मॅडम. पोरगी हाय, उद्या लगनाले आड येईल." मुलीच्या नावापुढे एसएस होतं, म्हणजे सिकलसेलग्रस्त. भावाच्या नावापुढे एएस, म्हणजे नुसता वाहक. आईबाप दोघंही वाहक असले की प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ती हिच्या वाट्याला आली, भावाच्या नाही.

म्हणजे 'खानदानी' हे कारण तिथेच कोसळलं. भावाला आजार नव्हताच. तो गळला कारण बाप मजुरीला तेलंगणात गेला की घरच्या शेळ्या त्याच्याकडे असायच्या. घर एक, शाळा एक, निकालही सारखा दिसला, पण कारणं पूर्ण वेगळी.

आणि मुलीचं? सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकात एकाच अक्षराचा फरक असतो. त्याहून निखळ आनुवंशिक आजार सापडणं कठीण. तरी तोच जनुक घेऊन एखादं मूल महिनोन्महिने शाळेत येतं आणि दुसरं अंथरुणाला खिळतं. शरीरात पाणी कमी पडलं, थंडी वाजली, ताप आला किंवा दम लागेपर्यंत पळवलं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकतात. या मुलांची मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत, म्हणून लघवी जास्त होते आणि पाणी जास्त लागतं. शाळेने नेमकं तेच तोडलं होतं. जनुक जन्मापासूनचा, पण त्या आठवड्यातलं दुखणं वाढवायला वर्गातला नियमही कारण झाला असणार.

डी.एड.ला आपण मानसशास्त्रज्ञ वुडवर्थचं वाक्य पाठ करतो, की विकास म्हणजे आनुवंशिकता आणि परिस्थिती यांची बेरीज नसून गुणाकार आहे. परीक्षेत लिहितो आणि वर्गात मात्र वाटे घालत बसतो, रक्ताचे किती टक्के आणि घराचे किती. बांधीतल्या एका लोंबीतले किती दाणे बियाण्याचे आणि किती पाण्याचे, हे कोणी सांगू शकेल का? जुळ्यांच्या अभ्यासातून जे टक्के निघतात ते एका समूहातल्या मुलामुलांमधल्या फरकाबद्दल असतात. एका मुलाचं तसं विभाजन त्यातून होत नाही, आणि परिस्थिती बदलली की ते टक्केही बदलतात.

गावातून रुग्णालयाला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या दिवाळीपासून बंद होत्या. त्या गोळ्यांनी बाळपणीचं, न वाकणारं हिमोग्लोबिन वाढतं, पण त्या नियमित घ्याव्या लागतात आणि अधूनमधून रक्ततपासणीही लागते. आशाताईंना सोबत घेऊन ते पुन्हा सुरू करून घेतलं. आईच्या परवानगीने आजाराची माहिती फक्त दोन्ही शिक्षकांना दिली. पाण्याची बाटली बाकावर, लघवीला कधीही मुभा, थंडीत परिपाठाला उन्हात जागा. ताप आला किंवा एका बाजूचा हात लुळा पडला तर वाट न पाहता थेट रुग्णालय.

'अध्ययन अक्षम' मी लिहिलं नाही. तिच्याकडून भागाकार सोडवून घेतला तेव्हा रीत बरोबर होती, मधल्या पायऱ्या सुटत होत्या. ते बुडलेल्या दिवसांमुळे असेल. पण या आजारात काही मुलांच्या मेंदूला नकळत लहान इजा होते आणि लक्ष टिकत नाही, त्यामुळेही असू शकतं. ते एका भेटीत ठरत नाही. मेंदूच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाला चिठ्ठी दिली आहे, आणि बुडलेल्या धड्यांची यादी बाईंनी त्याच दुपारी करायला घेतली.