उष्ण खोलीतील इन्व्हर्टर : क्षमताघटीचे निदान आणि नव्या जागेची निवड

माझ्या सौर संचाचा ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर आजवर जिन्याखालच्या एका बंद, लहान खोलीत बसवलेला होता. निरभ्र दिवशी उत्पादनाचा आलेख दुपारपर्यंत व्यवस्थित चढत असे, मात्र ४.६ किलोवॅटपर्यंत पोहोचल्यावर तो हळूहळू घसरून ३.८ किलोवॅटवर येई आणि ऊन तेवढेच कडक असूनही तेथेच रेंगाळे. इन्व्हर्टर कमाल क्षमतेला पोहोचल्यामुळे आलेख सपाट झाला असता, तर तो ५ किलोवॅटच्या रेषेवर सपाट झाला असता. येथे घसरण त्या रेषेच्या बरीच खाली होत होती, म्हणून कारण दुसरीकडे शोधणे भाग होते.

खरा पुरावा मिळाला तो पॅनेलच्या व्होल्टेजमध्ये. पॅनेल तापले की त्याचे व्होल्टेज कमी होते, त्यामुळे भर दुपारी स्ट्रिंगचे, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलच्या साखळीचे, व्होल्टेज उतरायला हवे. माझ्या नोंदींत मात्र उत्पादन घसरत असताना व्होल्टेज ३६० वरून ३९५ पर्यंत चढलेले दिसले. याचा अर्थ इन्व्हर्टर स्वतःहून पॅनेलच्या कमाल शक्तिबिंदूपासून, म्हणजे ज्या व्होल्टेजवर पॅनेल सर्वाधिक वीज देते त्यापासून, दूर सरकत होता आणि मिळू शकणारी वीज जाणीवपूर्वक नाकारत होता. वीजवाहिनीचे व्होल्टेज फार वाढल्यासही काही इन्व्हर्टर असेच वागतात. म्हणून तेही तपासले, पण ते मर्यादेच्या आत होते. त्याच वेळी खोलीचे तापमान ४९ अंश सेल्सिअस होते, आणि माझ्या इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकातील आलेखानुसार क्षमताघट, म्हणजे उष्णतेमुळे इन्व्हर्टरने स्वतःचे उत्पादन कमी करणे, ४५ अंशांपासून सुरू होते. दार सताड उघडे ठेवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात खोली ४२ अंशांवर आली, उत्पादन पुन्हा चढले आणि व्होल्टेज पूर्ववत खाली उतरले. निदान पक्के करण्यासाठी याहून सोपी चाचणी मला माहीत नाही.

खोली एवढी का तापते, याचा हिशेब सरळ आहे. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९७ टक्के धरली, तरी ४.६ किलोवॅटवर सुमारे १४० वॅट उष्णता बाहेर पडते. माझ्या खोलीत जेमतेम साडेसात घनमीटर हवा आहे. भिंतींनी काहीच उष्णता शोषली नाही, तर ती हवा मिनिटाला जवळजवळ एक अंशाने तापेल. बाहेरचे तापमान ३८ अंश असताना खोली ४३ अंशांच्या आत ठेवायची, म्हणजे फरक पाच अंशांवर रोखायचा, तर तासाला सुमारे ८५ घनमीटर हवा खेळती राहिली पाहिजे. खाली एक आणि छतालगत एक झरोका ठेवून व पंखा लावून हे साधता येते. परंतु पंखा बंद पडला की समस्या मुकाट्याने परत येते, म्हणून मी जागाच बदलायचे ठरवले.

येथे आयपी श्रेणीचा, म्हणजे यंत्राला धूळ आणि पाणी यांपासून किती संरक्षण आहे हे सांगणाऱ्या अंकांचा, प्रश्न आला. आयपी २० श्रेणीच्या यंत्राला पाण्यापासून कोणतेच संरक्षण नसते. ते घरातच राहिले पाहिजे, आणि ते घट्ट पेटीत कोंडून बाहेर ठेवणे म्हणजे उष्णतेची अडचण आणखी वाढवणे होय. माझा इन्व्हर्टर आयपी ६५ आहे : पहिला अंक धूळ आत शिरत नसल्याचा आणि दुसरा पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षणाचा. मात्र ही श्रेणी ऊन आणि उष्णता यांविषयी काहीच सांगत नाही. शिवाय केबलचा ग्लँड सैल राहिला किंवा न वापरलेल्या सॉकेटचे टोपण गळून पडले, तर छापील श्रेणीला अर्थ उरत नाही. सर्व केबल खालूनच आत घेतल्या आणि प्रत्येक केबलला पाणी ओघळून खाली पडेल असा झोल ठेवला.

भिंत निवडताना पश्चिमेची बाजू प्रथम बाद केली, कारण हवा सर्वाधिक तापलेली असते त्याच वेळी तिच्यावर ऊन येते. पूर्वेची भिंत तुलनेने बरी, कारण सकाळी उत्पादनही कमी असते आणि हवाही थंड असते. मला दिवसभर सावलीत राहणारी बाहेरची भिंत उपलब्ध होती, तीच घेतली. माहितीपत्रकाप्रमाणे दोन्ही बाजूंना ३० आणि वर ५० सेंटिमीटर जागा मोकळी सोडली. डीसी विभाजक बंद करणे, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबणे आणि नवी जोडणी ही कामे परवानाधारक तंत्रज्ञाने केली. पॅनेलची केबल ८ मीटरने लांबली. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत त्यामुळे भर दुपारी साधारण १२ वॅट वाया जातात, जे आधीच्या ८०० वॅटच्या घटीपुढे नगण्य आहे.

आता बाहेर ३८ अंश असतानाही आलेख घसरत नाही आणि स्ट्रिंगचे व्होल्टेज दुपारी अपेक्षेप्रमाणे खालीच राहते. पावसाळ्यापूर्वी वर एक छोटे छप्पर बसवायचे आहे. हीटसिंकवरून वर चढणारी गरम हवा त्याखाली अडकू नये, म्हणून भिंत आणि छपराची मागची कड यांत फट सोडणार आहे.