जर्मनीला पाठवलेलं पत्र आणि त्यात राहून गेलेली ओळ

पुण्यात एका सल्लागाराच्या ऑफिसात परदेशी पेन्शनची कागदपत्रं बघणं हे माझं काम. बहुतेक दिवस झेरॉक्स, सह्या नि स्पीडपोस्टच्या पावत्यांतच जातात. पण या काकांची केस डोक्यातून जात नाहीये.

काका १९९२ ते १९९५ स्टुटगार्टला एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत होते, एकूण ३८ महिने. जर्मनीत म्हातारपणाची पेन्शन मिळायला कमीत कमी ६० महिने भरावे लागतात, त्यामुळे ते पैसे बुडाले असंच ते धरून चालले होते. पण भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे आणि त्यात इकडची पीएफची वर्षं ते ६० महिने भरायला धरतात. पैसे मात्र जर्मनीतल्या ३८ महिन्यांचेच मिळतात. काकांची इकडची २२ वर्षं होती, म्हणजे प्रश्नच नव्हता.

पहिली पायरी म्हणजे तिकडच्या पेन्शन विमा संस्थेला पत्र लिहून किती महिने जमा आहेत त्याचा उतारा मागवायचा. जर्मनमध्ये त्याला फेरझिशरुंग्सफरलाउफ म्हणतात. जुलै २०२४ मध्ये मी पत्र पाठवलं, जर्मनमध्येच. पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, कंपनी, शहर, कधीपासून कधीपर्यंत, काकांची सही आणि पासपोर्टची प्रत, सगळं जोडलं. विमा नंबर नव्हता, काका म्हणाले तसलं काही आठवत नाही. माझे साहेब म्हणाले, "नेहमीचा नमुना वापर आणि टाक, किती वेळ लावतेस." आमच्याकडे सगळं नमुन्यावर चालतं, मला ते कधीच पटलेलं नाही, पण टाकलं.

सप्टेंबरमध्ये उत्तर आलं, या तपशिलांवर खातं सापडत नाही.

मग मी काकांच्या घरी गेले. काकूंनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. आपल्याकडे दहावीचं मार्कशीट प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवतात आणि पगाराच्या स्लिपा रद्दीत घालतात, तसंच झालेलं. पण लग्नाच्या अल्बमच्या मागे एक घडी घातलेलं कार्ड निघालं, कडा पिवळ्या पडलेल्या, त्यावर बारा खुणांचा नंबर. तो वाचता आला की अर्धी केस सुटते. पहिले दोन आकडे ज्या कार्यालयाने नंबर दिला त्याचे, पुढचे सहा जन्मतारखेचे, मग जन्माच्या आडनावाचं पहिलं अक्षर, मग दोन आकडे अनुक्रमाचे (००-४९ पुरुष, ५०-९९ स्त्रिया) आणि शेवटचा पडताळणीचा. काकांच्या कार्डावर ०१०६५८ होतं, म्हणजे १ जून १९५८, शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली ती नेहमीची तारीख. ती बरोबर होती. पण अक्षर होतं डी. काकांचं आडनाव क वरून! डी वडिलांच्या नावाचा, दत्तात्रय. जुन्या हाताने लिहिलेल्या पासपोर्टवर पूर्ण नाव एका ओळीत होतं, तिकडच्या कारकुनाने मधलं नाव आडनाव समजून टाकलं असणार. तीस वर्षं काकांचं खातं वडिलांच्या नावावर पडून होतं.

दुसऱ्या पत्रात तो नंबर घातला, दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कार्डाची प्रत जोडली. ऑक्टोबरअखेर उतारा आला, ३८ च्या ३८ महिने. काका तो कागद हातात धरून बराच वेळ बसून होते, कंपनीचं नाव पुन्हा पुन्हा वाचत.

आणि मग मला माझी चूक दिसली. काकांचं वय मे २०२४ अखेर ६६ पूर्ण झालं, १९५८ साली जन्मलेल्यांचं तिकडचं पूर्ण पेन्शनचं वय तेच आहे. अटी पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांच्या आत अर्ज पोचला तर पेन्शन मागून धरतात, म्हणजे १ जूनपासून, नाहीतर अर्जाच्या महिन्यापासून. उतारा मागणं म्हणजे अर्ज नव्हे. मी अर्ज पाठवला तो नोव्हेंबरमध्ये, आणि मंजुरीत पेन्शन नोव्हेंबरपासूनच दाखवलीय. जून ते ऑक्टोबर, पाच महिने गेले. अर्ज साध्या पत्रातही करता येतो, फॉर्म नंतर भरला तरी चालतो. जुलैच्या पत्रात "हे पत्र पेन्शनचा अर्जही समजावं" एवढी एक ओळ हवी होती. आमच्या नमुन्यात ती नव्हती आणि मी घातली नाही. मी काकांना स्पष्ट सांगितलं, ते म्हणाले, "अगं मिळतंय हेच खूप आहे." मला ते तसं वाटत नाही.

मंजुरीवर हरकत घ्यायला परदेशात राहणाऱ्याला तीन महिने मिळतात. जुलैच्या पत्रात मी "पेन्शनचा दावा करण्यासाठी उतारा हवा" असं लिहिलं होतं, त्याच शब्दांवर हरकत बांधली, पोस्टाची पावती जोडली, काकांची सही घेऊन गेल्या सोमवारी स्पीडपोस्टने टाकली. रोज ट्रॅकिंग बघतेय. आज सकाळपर्यंत मुंबईलाच आहे.